रविवारी पहिल्यांदा मटकीची उसळ करायची आहे, गॅस पेटवायच्या आधी नक्की काय काय तयार ठेवू?

निखिल_इंदिरानगर (शुक्रवार, रात्री ९:१०)
नमस्कार मंडळी. नोकरीसाठी नाशिकला आलोय, इंदिरानगरला तीन जण रूम घेऊन राहतो. आजवर चहा आणि मॅगी सोडून गॅसवर काही केलेलं नाही. रविवारी दुपारी मटकीची उसळ करायची असं ठरवलंय, पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून आणणार. दोन बर्नरची शेगडी आहे, एक कढई, एक पातेलं, मिक्सर रूममेटचा आहे, ओटा मात्र एवढासा आहे की शेगडी ठेवली की बाजूला जेमतेम एक ताट मावतं. आईने व्हॉट्सअ‍ॅपवर रेसिपी पाठवलीय ती जशीच्या तशी देतो:

"मोड आलेली मटकी २ वाट्या, कांदे २, टोमॅटो १, लसूण ७-८ पाकळ्या, आलं बोटभर, सुकं खोबरं अर्धी वाटी, कढीपत्ता, कोथिंबीर, मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट, काळा मसाला दीड चमचा, मीठ, गूळ, तेल. तेल तापलं की फोडणी कर. कांदा परत. वाटण घालून तेल सुटेपर्यंत परत. मसाले घाल. मटकी घालून गरम पाणी घाल आणि शिजव. वरून कोथिंबीर."

सगळे म्हणतात आधी सगळं चिरून मांडून ठेव मग गॅस पेटव. पण मांडायचं म्हणजे कसं, कुठलं आधी चिरायचं, आणि सगळ्याला वेगवेगळ्या वाट्या लागतात का? आमच्याकडे वाट्या चारच आहेत. मटकी आणलीय, अर्धा किलोचं पाकीट.

अण्णा_पंचवटी
इंदिरानगरहून लांब नाही, गंगापूर रोडला चांगली मिसळ मिळते, रविवारी सकाळी लवकर जा, नंतर रांग असते. तर्री वेगळी मागून घ्यायची.

निखिल_इंदिरानगर
अण्णा मिसळ खायला तर आम्ही जातोच, पण इथे मला स्वतः उसळ करायची आहे आणि त्याची तयारी विचारतोय.

सुमनकाकू (शुक्रवार, रात्री ९:४०)
निखिल, बाकी सगळं नंतर बोलू, आधी उठ आणि मटकी भिजत घाल. तू लिहिलंयस पाकीट आणलं, म्हणजे ती कोरडी मटकी आहे ना? आईने पहिल्याच ओळीत "मोड आलेली" लिहिलंय. त्या दोन शब्दांत दीड दिवस आहे. आत्ता भिजवलीस तर उद्या सकाळी उपसून फडक्यात बांधायची, आणि रविवारी सकाळपर्यंत मोड येतील. सध्या थंडी आहे, नाशिकच्या थंडीत मोड यायला उन्हाळ्याच्या मानाने खूप जास्त वेळ लागतो, म्हणून पुरचुंडी उघड्यावर न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेव आणि डबा जाड टॉवेलात गुंडाळ.

आणि दोन वाट्या मटकी भिजवू नकोस. आईने दोन वाट्या मोड आल्यानंतरच्या सांगितल्यात, कोरडी एक वाटी भिजवली की मोड येऊन दोन वाट्यांच्या वरच होते. तू एक वाटीच घे, निवडून, धुऊन, चौपट पाण्यात ठेव. मी मेसमध्ये बरीच वर्षं स्वयंपाक केलाय, नवीन मुली कामाला आल्या की त्यांना मी पहिल्यांदा कांदा चिरायला देत नसे, कृती वाचायला देत असे आणि विचारायचे, यातलं कुठलं काम आज रात्रीच करायला लागेल सांग.

निखिल_इंदिरानगर
बापरे काकू. भिजवली, आत्ताच. थँक यू. मला वाटलेलं मोड म्हणजे रविवारी सकाळी भिजवली की येतात.

हॉटेलवाला_द्वारका
मी हॉटेल लाईनमध्ये आहे. आमच्याकडे याला मीझ म्हणतात, फ्रेंच शब्द आहे मीझ आँ प्लास, सर्व्हिस सुरू व्हायच्या आधी प्रत्येक गोष्ट कापून मोजून डब्यात, हात लांब केला की मिळाली पाहिजे. तुझ्यासाठी सोपं सांगतो, शनिवारी रात्रीच सगळं कापून फ्रीजमध्ये टाक, कांदा टोमॅटो कोथिंबीर लसूण सगळं, रविवारी फक्त फोडणी. आम्ही सकाळी कापलेलं रात्रीपर्यंत वापरतो, काही होत नाही.

सुमनकाकू
दादा, तुमच्याकडे घट्ट झाकणाचे डबे आणि मोठे फ्रीज असतात, आणि शिवाय तासातासाला माल उठतो. घरात रात्रभर ठेवलेल्या कांद्याचा वास अख्ख्या फ्रीजला लागतो, दुधालासुद्धा. कापलेली कोथिंबीर ओली राहिली तर सकाळी काळपट पडते. लसूण सोलून ठेवा, खोबऱ्याचे काप करून ठेवा, ते चालेल. कांदा आणि कोथिंबीर त्याच दिवशी. टोमॅटो तर रात्रभरात पाणी सोडतो.

हॉटेलवाला_द्वारका
कोथिंबिरीचं मान्य. कांदा घट्ट डब्यात असेल तर मी अजूनही म्हणेन चालतो.

गौरी_सिडको
बटाट्याचं पण सांगा ना कोणीतरी, मी मागच्या आठवड्यात काचऱ्यांसाठी बटाटे आधी चिरून मांडून ठेवले आणि मग बाकीचं करत बसले तर सगळे काळे पडले. म्हणजे हे आधी मांडून ठेवणं सगळ्या भाज्यांना लागू होतं की नाही?

सुमनकाकू
बटाटा, वांगं चिरलं की लगेच पाण्यात टाकायचं ग. फोडी पूर्ण बुडायला हव्यात. परतायच्या आधी काचऱ्या निथळून घे नाहीतर तेल उडतं. निखिलच्या उसळीत दोन्ही नाही म्हणून त्याचा विषय काढला नाही.

प्राजक्ता_जी (शनिवार, सकाळी ८:०५)
मी रेसिपी दोनदा वाचली. निखिल, कागदावर लिहून काढ आणि यादीतल्या प्रत्येक जिन्नसासमोर तो कृतीत कुठे येतो त्या ओळीवर खूण कर. मी करून बघितलं तर तीन गोष्टी अशा निघाल्या ज्या यादीत आहेत पण कृतीत कुठेच नाहीत: टोमॅटो, मीठ, गूळ. आणि एक गोष्ट उलटी आहे, "वाटण" कृतीत आहे पण यादीत नाही! आयांना ते पाठ असतं त्यामुळे लिहिताना राहतं. मीठ गुळाचं समजून घेता येईल पण टोमॅटो कधी घालायचा आणि वाटणात काय काय जातं हे तू आईला विचारलंच पाहिजेस, नाहीतर कढई तापलेली असताना फोन लावत बसशील.

दिपक_निफाड
वाटण म्हणजे भाजलेला कांदा खोबरं लसूण आलं. त्यात विचारायचं काय. आमच्याकडे टोमॅटो घालतच नाहीत काळ्या मसाल्याच्या उसळीत, आंबटपणा येतो, चव जाते मसाल्याची. आणि दोन कांदे कमी आहेत, इकडे पिकतो म्हणून नाही म्हणत, पण चार तरी घे.

प्राजक्ता_जी
दिपकदादा, तुम्हाला माहितीये म्हणून विचारायचं काय वाटतं. त्याने जर दोन्ही कांदे बारीक चिरून ठेवले आणि नंतर कळलं की त्यातला एक उभा कापून भाजायचा होता, तर?

निखिल_इंदिरानगर (शनिवार, सकाळी ११:३०)
आईला फोन केला. प्राजक्ताताई तुमचं बरोबर निघालं. एक कांदा उभा पातळ कापून वाटणासाठी भाजायचा, दुसरा बारीक चिरून फोडणीत. खोबरं, लसूण, आलं सगळं वाटणात. टोमॅटो बारीक चिरून फोडणीतल्या कांद्यानंतर घालायचा आणि मऊ होईपर्यंत परतायचा, मग वाटण. मीठ पाण्यानंतर, गूळ शेवटी सुपारीएवढा. आई म्हणाली "अरे हे काय लिहायचं असतं का". मटकी सकाळी उपसून बांधलीय, डबा टॉवेलात गुंडाळून कपाटात ठेवलाय.

पण आता नवीन प्रश्न, वाटणाचा कांदा भाजायचा म्हणजे गॅस पेटवायलाच लागणार ना? मग गॅस पेटवायच्या आधी सगळं तयार हे कसं जमणार?

सुमनकाकू (शनिवार, दुपारी २:१५)
हा खरा प्रश्न विचारलास. या उसळीत गॅस दोनदा पेटतो असं धर. पहिल्यांदा वाटणासाठी, मग बंद. दुसऱ्यांदा फोडणीसाठी, आणि त्या वेळेला मात्र सगळं हाताशी पाहिजे. मधला वेळ गार होण्याचा आहे. भाजलेला कांदा गरम गरम मिक्सरमध्ये फिरवलास तर आत वाफ कोंडते आणि झाकण उडतं, अंगावर येतं. ताटलीत पसरून पंधरा-वीस मिनिटं ठेव, भांड्याला हात लावून गरम लागलं नाही की मग वाट. हीच पंधरा-वीस मिनिटं तुझी फोडणीचं सामान चिरायची. म्हणजे सगळं एकदम चिरून ठेवायची गरजच नाही.

आता पहिली फेरी नीट सांगते. खोबऱ्याचे पातळ काप, उभा कांदा, सोललेला लसूण, आल्याचे तुकडे, हे चारच. आणि त्यांच्याबरोबर एक रिकामी ताटली, ती विसरू नकोस. खोबरं कोरड्या कढईत मंद आचेवर भाजायचं, रंग बदामी झाला की लगेच ताटलीत काढायचं. गॅस बंद केला तरी कढई तापलेली असते, खोबरं तसंच राहू दिलं तर आपोआप काळं होत जातं आणि वाटण कडू होतं. ताटली शोधायला वळायचं, तेवढ्यात जातं. मग त्याच कढईत चमचाभर तेल आणि कांदा, हा सात-आठ मिनिटं घेतो, कडा चांगल्या तपकिरी होऊ दे. लसूण-आलं शेवटच्या मिनिटाला.

गौरी_सिडको
काकू लसूण आधी टाकला तर?

सुमनकाकू
कांदा व्हायच्या आत लसूण जळतो. जळलेला लसूण मग कशानेच झाकला जात नाही.

हॉटेलवाला_द्वारका
वाट्यांचं मी सांगतो. चार वाट्या पुष्कळ झाल्या. नियम एकच, जे एकाच वेळी कढईत पडतं ते एकाच वाटीत. एक मोठं ताट घे, त्यात ढीग कर, बारीक कांदा, शेजारी टोमॅटो, मग वाटणाचं मिक्सरचं भांडं तसंच ठेव, काढायचं नाही. ताटातला क्रम डावीकडून उजवीकडे पडण्याच्या क्रमाने. आणि ताट शेगडीच्या त्या बाजूला ठेव ज्या बाजूला तुझा चमच्याचा हात नाही, एका हाताने परततोस आणि दुसऱ्याने उचलतोस. मोहरी-जिरं-हिंग एका वाटीत, हळद-तिखट-काळा मसाला दुसऱ्या वाटीत.

सुमनकाकू
दादा, मोहरी आणि जिरं एका वाटीत नको. तुमचं तेल कडकडीत असतं, दोन्ही एकदम चालतं. याला तेलाचा अंदाज नाही, तेल कमी तापलेलं असताना दोन्ही पडलं तर मोहरी तडतडायची वाट बघता बघता जिरं काळं होतं. मोहरी एकटी. ती तडतडायला लागली की जिरं, हिंग, कढीपत्ता, आणि त्यांच्या मागोमाग कांदा. मोहरी तडतडल्यापासून कांदा पडेपर्यंत दहा-पंधरा सेकंद असतात फार तर, म्हणजे डबा उघडायलाही वेळ नाही. सगळी तयारी खरं तर या दहा-पंधरा सेकंदांसाठी आणि पुढे मसाला पडतो त्या क्षणासाठी करायची, बाकी वेळ तुझ्याकडे भरपूर आहे.

मसाल्याच्या वाटीचं मात्र त्यांचं बरोबर. हळद, तिखट, दीड चमचा काळा मसाला एका वाटीत मोजून, आणि त्यात दोन चमचे पाणी घालून पातळसर कालवून ठेव. कोरडं तिखट तापलेल्या तेलात पडलं की क्षणात काळपटतं आणि ठसका येतो, कालवलेलं असेल तर दम धरतं.

दिपक_निफाड
हळद फोडणीतच पाहिजे हिंगाबरोबर, कच्ची लागते नंतर घातली तर.

सुमनकाकू
नंतर वाटणाबरोबर परतली जातेच की, कच्ची नाही लागत. पण तुमच्याकडची पद्धत असेल तर असू दे, दोन्हीने उसळ होते.

मयूर_जेलरोड
माझ्याकडे गॅस नाही इंडक्शन आहे. माझी अडचण अशी की तेल इतक्या पटकन तापतं की विचार करायला वेळ नाही, पातळ बुडाचं भांडं आहे. निखिलला सांगतायत तसंच मीही करू का?

हॉटेलवाला_द्वारका
तुला तर जास्तच गरज आहे. तेल घालायच्या आधी ताट पूर्ण मांडलेलं असू दे, आणि पॉवर कमीवर सुरू कर. इंडक्शनचा फायदा एवढाच की बंद केलं की आच लगेच जाते, पण पातळ असलं तरी भांडं थोडा वेळ गरम राहतंच.

प्राजक्ता_जी
अजून एक, "गरम पाणी घाल" हे लक्षात आलंय का निखिल? ते तिथे आयत्या वेळी गरम होणार नाही. दुसरा बर्नर आहे तर फोडणी टाकतानाच पातेल्यात तीन वाट्या पाणी तापायला ठेव. आणि कढीपत्ता आधी धुऊन पुसून कोरडा कर, ओला तेलात टाकला की तेल अंगावर उडतं.

अण्णा_पंचवटी
आमच्या घरी असं काही मांडून ठेवत नव्हते कोणी. माझी आई कांदा परतायला टाकायची आणि परतत असताना टोमॅटो चिरायची, पाणी उकळेपर्यंत कोथिंबीर निवडायची. चार वाट्या धुवायला कशाला काढायच्या?

सुमनकाकू
अण्णा, तेही खरं आहे. कांद्याला सात-आठ मिनिटं लागतात हे आईंच्या हाताला ठाऊक होतं, वासावरून कळायचं किती झालाय. याला अजून कांदा कधी गुलाबी, कधी तपकिरी ते नजरेने ठरवायचंय, म्हणजे डोळे कढईत हवेत. विळी-सुरीवर डोळे आणि कढईत कांदा, दोन्ही पहिल्याच दिवशी नको. कोथिंबीर मात्र मीही नंतरच चिरायला सांगेन, मटकी झाकण ठेवून शिजते ती पंधरा-वीस मिनिटं तो रिकामाच आहे.

अण्णा_पंचवटी
बघा. मला अजून वाटतं की मुलगा दोन वेळा केल्यावर मांडणं सोडून देईल.

निखिल_इंदिरानगर (शनिवार, रात्री १०:२०)
मोडांचा नुसता पांढरा ठिपका दिसतोय, पुरे का?

सुमनकाकू
फडकं कोरडं झालं असेल तर पाण्याचा हबका मार आणि परत बांध. सकाळी नखाएवढे झाले की पुष्कळ.

निखिल_इंदिरानगर (रविवार, दुपारी ३:५०)
झाली उसळ! सविस्तर लिहितो कारण तुम्ही सगळ्यांनी इतकं सांगितलंत.

मोड छान आले होते, कोरड्या एका वाटीच्या सव्वादोन वाट्या भरल्या. खोबरं भाजताना ताटली शेजारीच होती आणि खरंच काकू, बदामी झाल्यावर ढवळायचं थांबवलं की सेकंदात कडा गडद होतात. कांदा लसूण भाजून पसरून ठेवलं, तेवढ्या वेळात बारीक कांदा, टोमॅटो चिरले. टोमॅटो शेवटी चिरला कारण त्याच्या पाण्याने पाट ओला होतो आणि मग कांदा सरकतो. मध्येच लाईट गेली पण तोपर्यंत वाटण फिरवून झालं होतं, मिक्सर आधी उरकला ते बरं झालं. मग ताट लावलं, मोहरीची वाटी, जिरं-हिंग-कढीपत्ता दुसरीत, कालवलेला मसाला तिसरीत, चौथीत मीठ-गूळ.

तेल तापलंय का ते बघायला मोहरीचे दोन दाणे आधी टाकले, ते लगेच उडाले नाहीत म्हणून थांबलो, मग उडाले तेव्हा बाकीची मोहरी. त्याच्या पुढचं इतकं भरभर झालं की ताट नसतं तर नक्की गोंधळ झाला असता. वाटण घातल्यावर एकदम घट्ट गोळा झाला आणि कढईला लागायला लागलं तेव्हा दोन चमचे गरम पाणी घातलं, पाणी शेजारी उकळत होतंच. साधारण सहा मिनिटांनी कडेने तेल दिसायला लागलं. मटकी अठरा मिनिटांत शिजली, बोटांत दाबली की मऊ पण फुटून लगदा होत नाही अशी. तिघांनी सगळी संपवली. आईला फोटो पाठवला.

गौरी_सिडको
वा! मोहरीचे दोन दाणे आधी टाकायचं भारी आहे, मी पण करणार.

दिपक_निफाड
टोमॅटोची चव जास्त लागली का ते सांग.

निखिल_इंदिरानगर
दादा थोडी आंबटसर होती, मला आवडली पण रूममेट म्हणाला मिसळीसारखी झणझणीत नाही लागली. पुढच्या वेळी टोमॅटोशिवाय करून बघतो. काकू एक विचारायचं होतं, वाटण जरा जास्त झालं होतं, अर्धी वाटी उरलंय, ते फ्रीजमध्ये किती दिवस टिकेल? टिकत असेल तर पुढच्या वेळी दुप्पटच करून ठेवतो, म्हणजे गॅस एकदाच पेटवायला लागेल.

सुमनकाकू
कोरड्या डब्यात घट्ट झाकण लावून दोन-तीन दिवस. ओला चमचा घालायचा नाही. वास आंबूस आला तर टाकून दे.

हॉटेलवाला_द्वारका
फ्रीजरमध्ये ठेव, महिनाभर काही होत नाही. बर्फाच्या ट्रेमध्ये गोळे करून ठेव म्हणजे लागेल तेवढंच काढता येतं.

सुमनकाकू
टिकतं, पण खोबऱ्याचा ताजा वास जातो दादा. निखिल, दोन्ही करून बघ आणि इथेच सांग.

मयूर_जेलरोड
फ्रीजरमधलं वाटण तेलात थेट टाकायचं की आधी बाहेर काढून ठेवायचं? बर्फ असतो ना त्यात, तेल उडेल.